जपानी तिकीटयंत्राचा फोटो आणि बटणांचा क्रम

जपानमध्ये जवळच्या रेल्वेप्रवासाचे तिकीट बहुतेक ठिकाणी यंत्रावरच काढावे लागते. स्थानकात शिरले की भिंतीत एका ओळीत बसवलेली ही यंत्रे दिसतात आणि त्यांच्या डोक्यावर रेल्वेमार्गांचा एक लांबरुंद नकाशा लावलेला असतो. अनेक यंत्रांच्या स्क्रीनवर कोपऱ्यात English असे बटण असते; ते दाबले की पुढचे काम सोपे होते. काही लहान स्थानकांवरच्या जुन्या यंत्रांवर मात्र सगळा मजकूर जपानीतच असतो. अशा वेळी प्रवासी स्क्रीनचा फोटो काढतो आणि जपानी वाचता येणाऱ्या कुणाला तरी पाठवतो. पुण्यात जपानी शिकणारे बरेच असल्यामुळे नात्यात किंवा ओळखीत असे कुणीतरी निघते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, त्यामुळे तिकडे सकाळी दहाला काढलेला फोटो इकडे साडेसहाला येऊन पडतो आणि उत्तर तर लगेच हवे असते.

फोटो मिळालेला माणूस सहसा वरून खाली नजर फिरवत दिसेल तो शब्द मराठीत लिहून पाठवतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर असतो, तरीही प्रवासी यंत्रापुढे तसाच अडून राहतो. आधी काय दाबायचे, मग काय, आणि पैसे केव्हा टाकायचे, हे त्या यादीतून कळत नाही. स्क्रीनवर सगळी बटणे एकदम दिसतात; यंत्राला ती एकामागून एक हवी असतात. म्हणून असे भाषांतर बटणे ज्या क्रमाने दाबायची त्याच क्रमाने लिहावे लागते, आणि तो क्रम कळण्यासाठी यंत्र कसे चालते हे आधी माहीत असावे लागते.

पहिली पायरी स्क्रीनवर नसते

मुंबईच्या लोकलचे तिकीट यंत्रावर काढताना उतरायचे स्थानक निवडले की भाडे यंत्रच सांगते. जपानमधल्या जवळच्या प्रवासाच्या यंत्रांत पुष्कळदा याच्या उलट असते. स्क्रीनवर स्थानकांची नावे नसतातच. नुसत्या आकड्यांची बटणे असतात. प्रवाशाने आपले भाडे स्वतः शोधून त्या रकमेचे बटण दाबायचे असते. तिकिटावरही उतरण्याच्या स्थानकाऐवजी बहुधा अमुक येनपर्यंतचा प्रवास एवढेच छापलेले असते.

हे भाडे शोधायचे ते वरच्या नकाशावर. त्याला 運賃表, म्हणजे उन्चिनह्यो किंवा भाडेतक्ता म्हणतात. आपण जिथे उभे आहोत ते स्थानक त्यावर वेगळ्या, बहुधा लाल रंगात दाखवलेले असते आणि शेजारी 当駅, म्हणजे ‘हे स्थानक’, असे लिहिलेले असते. बाकीच्या प्रत्येक स्थानकाच्या नावापाशी येनमधला आकडा असतो. दोन आकडे असतील तर मोठ्या अंकांतला प्रौढांचा आणि लहान किंवा वेगळ्या रंगातला मुलांचा असतो.

फक्त स्क्रीनचा फोटो आला असेल तर त्यात ही पहिली पायरी नसते. आकड्यांची बटणे दिसतात, पण त्यांतले कोणते आपले हे त्या फोटोवरून कुणालाही सांगता येत नाही. म्हणून भाषांतर करणाऱ्याने आधी दोन गोष्टी मागाव्यात: वरच्या तक्त्याचा फोटो, आणि नोटा-नाण्यांच्या फटी दिसतील असा अख्ख्या यंत्राचा फोटो. स्क्रीनचा जवळून काढलेला फोटो तिसरा. काचेवर दिव्यांची तिरीप येते, तेव्हा तो किंचित बाजूला उभे राहून काढावा. तिन्ही फोटो काढून झाले की रांगेतून बाजूला व्हावे आणि उत्तर हातात आल्यावर पुन्हा यंत्रापुढे उभे राहावे. काही वेळ एकही बटण दाबले गेले नाही तर अशी यंत्रे सुरुवातीच्या स्क्रीनवर परततात. तसे झाले की आधी दाबलेली बटणे पुन्हा दाबावी लागतात.

यंत्र आणि कंपनी तपासणे

फोटो आल्यावर लगेच अर्थ लिहायला न बसता हे यंत्र प्रवाशाच्या कामाचे आहे का ते पाहावे. ओळीतले एखादे यंत्र केवळ प्रवासकार्डात पैसे भरण्यासाठी असते. त्यावर チャージ専用 अशी पाटी असते. चाजी म्हणजे कार्डात पैसे भरणे आणि सेन्यो म्हणजे फक्त त्याच कामासाठी. तिथे कागदी तिकीट मिळत नाही. 調整中 अशी पाटी असेल तर तिचा शब्दशः अर्थ ‘जुळणी चालू आहे’ असा होतो. तो तसाच लिहिला तर प्रवासी यंत्र सुरू होण्याची वाट पाहत राहील. पाटीचा व्यवहारातला अर्थ ‘बंद आहे’ असा असतो, आणि तेवढेच लिहिणे पुरे. 発売中止 म्हणजे विक्री थांबवली आहे. つり銭切れ म्हणजे यंत्रातले सुटे पैसे संपले आहेत. या पाट्यांपैकी एक जरी दिसली तर उत्तरात एकच वाक्य असावे: शेजारच्या यंत्रावर जा.

दुसरी तपासणी कंपनीची. जपानमध्ये एकाच शहरात अनेक रेल्वे कंपन्या गाड्या चालवतात आणि साधारणपणे प्रत्येकीची यंत्रे आपल्याच मार्गाची तिकिटे देतात. क्योतो शहरातल्या आराशियामा या पर्यटनस्थळाचे उदाहरण यासाठी चांगले आहे. तिथे आराशियामा नावाची निरनिराळी स्थानके आहेत. जेआर कंपनीचे स्थानक सागा-आराशियामा, 嵯峨嵐山. हांक्यू कंपनीचे नुसते आराशियामा, 嵐山. रान्देन या ट्रामवजा छोट्या रेल्वेचेही आराशियामाच, आणि तेही 嵐山 असेच लिहितात. शिवाय त्या खोऱ्यातून पर्यटकांसाठी धावणाऱ्या गाडीचे तोरोक्को-आराशियामा वेगळे. प्रवाशाने ‘आराशियामाला जायचे आहे’ एवढेच कळवले, तर यंत्र कोणत्या कंपनीचे हे फोटोत पाहून मगच तक्त्यावर नाव शोधावे. जेआरच्या तक्त्यावर दोन अक्षरी 嵐山 शोधत बसले तर ते सापडणार नाही. तिथे चार अक्षरी नाव शोधायचे असते.

प्रवाशाला जपानी वाचता येत नसले तरी अक्षरांच्या आकृत्या ताडून पाहता येतात. म्हणून स्थानकाचे नाव देवनागरीत उच्चारासह द्यावे आणि मूळ जपानी अक्षरेही तशीच पाठवावीत. नुसते ‘सागा-आराशियामा’ हे नाव घेऊन तो तक्ता धुंडाळू शकत नाही.

स्क्रीनवरची वाक्ये क्रम कसा सांगतात

यंत्र योग्य आहे आणि भाडे सापडले, की मग स्क्रीन. इथे एक प्रश्न आधी सोडवावा लागतो: पैसे आधी की बटणे आधी? जुन्या यंत्रांत पैसे आधी टाकावे लागतात. टाकलेल्या रकमेत जी तिकिटे बसतात त्यांचीच बटणे उजळतात. नव्या यंत्रांत बटण आधी दाबले तरी चालते आणि पैसे मागाहून टाकता येतात. फोटोतल्या यंत्राची पद्धत कोणती, याचे उत्तर बहुधा स्क्रीनच्या वरच्या पट्टीतले वाक्यच देते. お金を入れてください म्हणजे ‘पैसे टाका’. हे वाक्य पहिल्याच स्क्रीनवर असेल आणि आकड्यांची बटणे मंद दिसत असतील तर पैसे आधी. ‘बटण दाबा’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर बटणे आधी.

दोन क्रिया एकाच वाक्यात येतात तेव्हा जास्त जपावे लागते. यंत्रांवर दिसणाऱ्या सूचनांच्या धाटणीची ही दोन वाक्ये पाहावीत:

人数ボタンを押してから、金額ボタンを押してください
お金を入れる前に、人数ボタンを押してください

पहिल्याचा अर्थ, माणसांच्या संख्येचे बटण दाबल्यावर रकमेचे बटण दाबा. इथे から हा शब्दांश ‘केल्यावर’ असे सांगतो, आणि वाक्यातला क्रम हाच कृतीचाही क्रम आहे. दुसऱ्याचा अर्थ, पैसे टाकण्याआधी माणसांच्या संख्येचे बटण दाबा. इथे 前に म्हणजे ‘आधी’. वाक्यात पैसे पहिल्यांदा येतात, कृतीत मात्र ते दुसरे. मराठीतही वाक्य असेच फिरत असल्यामुळे शब्दशः भाषांतर चुकीचे ठरत नाही, पण मागे रांग उभी असताना वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ‘पैसे टाक…’ एवढेच भरते आणि हात पाकिटाकडे जातो. म्हणून अशा वाक्याचे दोन तुकडे करावेत आणि कृतीच्या क्रमाने लावावेत: आधी संख्येचे बटण दाबा. मग पैसे टाका.

उदाहरण: दोन मोठी माणसे, एक मूल

समजा, आई, वडील आणि आठ वर्षांची मुलगी क्योतोतला निजो किल्ला पाहून जेआरच्या निजो, म्हणजे 二条, स्थानकावर आली आहेत आणि त्यांना सागा-आराशियामाला जायचे आहे. यंत्राचा फोटो आला आहे आणि त्यावर इंग्रजीचे बटण नाही असे धरू. तक्त्यावर 嵯峨嵐山 पाशी २०० हा आकडा आहे असेही धरू. भाडी बदलत असतात, त्यामुळे हा आकडा केवळ हिशेबापुरता.

जपानी रेल्वेत ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे पडते. बारा पूर्ण झालेले मूल प्राथमिक शाळेतच असेल तर त्यालाही अर्धेच. शाळेत न जाणारी, सहा वर्षांखालची दोन मुले प्रत्येक मोठ्या माणसासोबत फुकट जातात. तेव्हा या कुटुंबाचा हिशेब दोनशे, दोनशे आणि शंभर असा एकूण ५०० येन होतो. अर्धे करताना दहाच्या आतली रक्कम उरली तर जेआर ती सोडून देते आणि खासगी कंपन्या सहसा वरच्या दहापर्यंत नेतात. २१० येनच्या तिकिटाचे अर्धे त्यामुळे एकीकडे १०० होते, दुसरीकडे ११०. मुलांच्या भाड्याचा आकडा तक्त्यावरूनच घ्यावा, तो मनाने काढू नये, याचे हे कारण.

आता फोटोतली मांडणी. स्क्रीनच्या वरच्या भागात दोन-तीन मोठी बटणे आहेत: きっぷ (किप्पु, तिकीट), チャージ (चाजी, कार्डात पैसे भरणे), のりかえ (नोरिकाए, दुसऱ्या मार्गावर बदलून जाण्याचे तिकीट). डाव्या कडेला माणसांच्या आकृत्या असलेली बटणे उभ्या ओळीत आहेत. मधोमध आकड्यांची बटणे. खाली とりけし (तोरिकेशी, रद्द). स्क्रीनच्या बाहेर नोटांची फट, नाण्यांची फट, सुटे पैसे पडण्याची वाटी आणि よびだし (योबिदाशी) असे लिहिलेले, कर्मचाऱ्याला बोलावण्याचे बटण.

या कुटुंबाला जायचा निरोप असा असावा:

१. वरच्या ओळीतले きっぷ दाबा. स्क्रीन बदलेल आणि मधोमध आकडे दिसतील.

२. डाव्या कडेला दोन मोठी आकृती आणि एक लहान आकृती असलेले बटण आहे. ते दाबा. ते उजळेल.

३. मधल्या आकड्यांतले २०० दाबा. १०० किंवा ५०० शोधू नका. बटणावर एका मोठ्या माणसाचे भाडे असते.

४. स्क्रीनवर 合計 या अक्षरांपुढे ५०० दिसते का पाहा. हा एकूण आकडा आहे. दुसरा आकडा दिसला तर खालचे とりけし दाबून पहिल्या पायरीपासून सुरू करा.

५. ५०० दिसले तर नोटांच्या फटीत १,००० येनची नोट सरकवा.

६. तीन तिकिटे बाहेर येतील. तिन्ही घ्या.

७. वाटीतले ५०० येन परत घ्या.

या निरोपात チャージ आणि のりかえ या बटणांचा उल्लेख नाही, कारण त्यांची गरज नाही. मूळ स्क्रीनवरचा प्रत्येक शब्द मराठीत आणायचा मोह इथे आवरावा लागतो. とりけし चा उल्लेख मात्र आहे, आणि तो जिथे लागेल त्याच पायरीत आहे. तो अगदी सुरुवातीला ‘खालचे बटण रद्द करण्याचे’ असा लिहिला असता तर वाचणाऱ्याला तो चौथ्या पायरीवर आठवला नसता.

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असाव्यात: बटण कुठे आहे, त्यावर कोणती अक्षरे किंवा आकृती आहे, आणि ते दाबल्यावर काय बदलते. तिसरी गोष्ट भाषांतरात नेहमी सुटते, कारण ती फोटोत नसते. पण आपण बरोबर चाललो आहोत की नाही हे प्रवाशाला तिच्यावरूनच कळते. सांगितलेला बदल दिसला नाही तर त्याने थांबावे आणि त्या स्क्रीनचा नवा फोटो पाठवावा. एका फोटोवरून एकाच स्क्रीनचे खात्रीने सांगता येते. त्यापुढचे यंत्राच्या माहितीवरून बांधलेला अंदाज असतो. निरोपात ‘स्क्रीन बदलेल, नाही बदलली तर कळवा’ असे लिहिण्यात त्यामुळे कमीपणा नाही.

दोन मोठी आणि एक लहान अशी आकृती यंत्रावर नसेल तर तिकिटे दोन फेऱ्यांत काढावी लागतात. आधी おとな (ओतोना, मोठे) दोन, पैसे, तिकिटे. मग こども (कोदोमो, मूल) एक, पैसे, तिकीट. मुलांचे बटण दाबल्यावर मधले आकडे बहुधा अर्धे होऊन दिसतात. अशा वेळी तिसऱ्या पायरीतला नियम बदलतो आणि १०० चे बटण दाबायचे असते. फोटोत आकृत्यांची बटणे कोणकोणती आहेत ते नीट पाहूनच निरोप लिहावा, तो याचसाठी.

पैशांपाशी होणारा घोळ

बटणांचा क्रम बरोबर असूनही पुष्कळदा प्रवासी पैशांपाशी अडतो. यंत्रे साधारणपणे १०, ५०, १०० आणि ५०० येनची नाणी घेतात. १ आणि ५ येनची नाणी परत वाटीत पडतात. काही यंत्रे फक्त हजाराची नोट घेतात. नोटांच्या फटीजवळ 千円札のみ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ तोच. जपानने जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ५०० येनचे नवे नाणे चलनात आणले. न बदललेली जुनी यंत्रे ते बाहेर ढकलतात. नोट किंवा नाणे पुन्हा पुन्हा परत येऊ लागले तर प्रवाशाला आपले बटण चुकले असे वाटते आणि तो तोरिकेशी दाबून पहिल्यापासून सुरू करतो. खरे तर बटणांत काहीच चूक नसते. दुसरी नोट टाकून पाहणे किंवा शेजारच्या यंत्रावर जाणे एवढेच करायचे असते. अख्ख्या यंत्राचा फोटो मागायचा तो हेही दिसावे म्हणून.

अशा अनेक यंत्रांवर बँकेचे कार्ड चालत नाही. IC हे अक्षर पाहून कार्डाची जागा आहे असे वाटू शकते, पण ती इकोका किंवा सुइका यांसारख्या प्रवासकार्डांची जागा असते.

तिकीट हातात आल्यावर

तिकिटाच्या छोट्या कागदावरही दोन-तीन सूचना असतात आणि प्रवासी पुढचा फोटो बहुधा त्याचाच पाठवतो. 発売当日限り有効 म्हणजे ज्या दिवशी काढले त्याच दिवशी चालणारे तिकीट. 下車前途無効 म्हणजे वाटेत फाटकाबाहेर पडलात तर उरलेल्या प्रवासासाठी ते चालणार नाही. मुलाच्या तिकिटावर 小 हे अक्षर असते. तीन तिकिटांतले ते ओळखून मुलीच्या हातात द्यावे, कारण फाटकातून प्रत्येकाने आपापले तिकीट घालून जायचे असते. आत जाताना फाटक तिकीट पुढच्या बाजूने परत देते; ते उचलायचे विसरू नये, कारण बाहेर पडताना तेच पुन्हा घालावे लागते. बाहेरचे फाटक ते ठेवून घेते.

तक्त्यावर नाव सापडलेच नाही, किंवा घाईत कमी रकमेचे बटण दाबले गेले, तरी प्रवास अडत नाही. उतरण्याच्या स्थानकावर फाटकाच्या आतल्या बाजूला のりこし精算機, म्हणजे वाढीव भाडे भरण्याचे यंत्र असते. त्यात तिकीट घातले की उरलेली रक्कम स्क्रीनवर येते. तेवढे पैसे टाकल्यावर नवे तिकीट मिळते आणि ते घालून बाहेर पडता येते. असे यंत्र नसेल तर फाटकाशेजारच्या खिडकीवर कर्मचारी फरक घेतो. त्यामुळे भाड्याबद्दल शंका असेल तेव्हा सर्वांत कमी रकमेचे तिकीट काढायला सांगावे आणि बाकीचे पैसे उतरल्यावर भरायला सांगावेत. जास्तीच्या रकमेचे तिकीट घेतले तर फरक आपोआप परत मिळत नाही. बाहेरचे फाटक ते तिकीट मुकाट्याने गिळते.